गव्हाची आंघोळ आणि सात कारभारी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सुट्टी संपवून मुलांना न्यायला मी कराड तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तर सासूबाई ओसरीवर गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून बसलेल्या. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "सुट्टी पोरांची झाली गं, माझी मात्र नोकरी वाढली."

परतताना एसटीत थोरल्या नणंदेची मुलगी, आमची ताई, माझ्या शेजारी बसली होती. आठवी झालेली पोर. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मामी, पुढच्या वर्षी मी नाही येणार." का, म्हणून विचारलं तर म्हणे, "तिथं मला सुट्टी नसतेच. पिल्लूला भरव, चिंगीची वेणी घाल, आजीला पोळ्या लाटू लाग. दादा माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण तो दिवसभर क्रिकेट खेळतो."

दादा म्हणजे माझाच मुलगा. मैत्रिणींनो, खरं सांगते, मला तोंड वर करून बोलता येईना.

यंदा ताई नववी पास झाली. म्हणजे पुढच्या वर्षी दहावी, मग क्लास, मग कॉलेज. सगळी भावंडं एकत्र राहण्याची ही कदाचित शेवटचीच सुट्टी. म्हणून मी ऑफिसात आठ दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं की यंदा आठवडा नीट आखायचा. त्यात आजीचा गुडघा धरायचा आणि ताईची सुट्टीही धरायची.

आमची फौज सात जणांची. ताई पंधरा, दादा तेरा, धाकट्या नणंदेचे जुळे दहा वर्षांचे, जाऊबाईंची मधली नऊ, माझी चिंगी सात आणि जाऊबाईंचं शेंडेफळ पिल्लू पाच. पाच आणि पंधरा यांना एकच खेळ कसा आवडणार? गेल्या वर्षी मी रोजचा वेगळा कार्यक्रम लिहून दिला होता. सोमवारी चित्रं, मंगळवारी भेंड्या असा. दुसऱ्याच दिवशी मोठी कंटाळली आणि लहान रडली.

यंदा सासूबाईंनीच वाट दाखवली. म्हणाल्या, "तसंही मला कुरडया करायच्यात. एकटीनं होत नाहीत आता. पोरांच्या हातानं करू." मी मनात हिशेब केला. गहू तीन दिवस भिजणार, चौथ्या दिवशी वाटायचे, रात्रभर चीक निवळणार, पाचव्या दिवशी शिजवून घालायच्या, पुढे दोन-अडीच दिवस वाळवायच्या. बरोबर आठवडा! शनिवारी संध्याकाळी आईबाप न्यायला येतील तेव्हा त्यांच्या पानात मुलांच्या हातची कुरडई. आठवडाभर चालणारं एकच काम, आणि त्यात पाच वर्षांच्या हातालाही काही ना काही.

कारभारी आणि जोड्या

सात मुलं, सात दिवस. म्हणून रोज एक जण कारभारी, रविवारी ताईपासून सुरू करून वयानं उतरत शनिवारी पिल्लूपर्यंत. कारभाऱ्याची कामं तीनच. सकाळी आणि संध्याकाळी डोकी मोजायची, संध्याकाळचा खेळ ठरवायचा, आणि रात्रीला पिठलं-भात, खिचडी की आमटी-भाकरी ते सांगायचं. उरलेल्या सहांच्या तीन जोड्या: सगळ्यांत मोठं सगळ्यांत लहानाबरोबर, दुसरं मोठं दुसऱ्या लहानाबरोबर, आणि मधले दोघं एकत्र. जोडीनं आपली अंथरुणं काढायची, आपली ताटं घासायची, आणि कुरडईचं त्या दिवशीचं काम करायचं.

सासूबाईंसाठीही एक नियम केला. त्यांनी स्वयंपाकघरात सकाळी सात ते अकरा एवढंच राहायचं. दुपारनंतर चुलीपाशी मी आणि जी जोडी असेल ती, मग ती मुलग्यांची का असेना. दुपारी चारला "आजी, भूक" अशी जी हाक येते, तिच्यासाठी पहिल्याच दिवशी मोठा डबा भरून भडंग करून ठेवलं. चिरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि तिखट. डबा खालच्या फळीवर, वाट्या शेजारी. ज्याला भूक लागेल त्यानं आपलं आपण घ्यायचं. आजीला उठवायचं नाही.

रविवार: गहू भिजले

तीन किलो गहू निवडायला सातही जण ओसरीवर बसले. पिल्लूला खडे वेचायला दिले आणि त्याला एक वाटी देऊन सांगितलं की खडे मोजून दाखव. तो बावीसपर्यंत गेला आणि मग पुन्हा एकपासून. गहू धुऊन मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात भिजत घातले. सासूबाई म्हणाल्या, "आता तीन दिवस गव्हाला रोज आंघोळ घालायची. जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं. चुकलात तर वास मारेल."

संध्याकाळी ताईनं लगोरी निवडली. पिल्लू अर्थातच कच्चा लिंबू. पण चिंगी यंदा सात वर्षांची झाली म्हणून ती पक्क्यात गेली आणि पिल्लूनं अंगणातच बसकण मारली, "मी एकटाच का लिंबू?" ताईनं तोड काढली. लिंबाला बाद करायचं नाही, पण लगोरीचा शेवटचा, सर्वांत वरचा दगड लिंबानंच ठेवायचा. तो ठेवल्याशिवाय लगोरी लागलीच नाही असं धरायचं. त्यानंतर दोन्ही संघ पिल्लू आपल्याकडे यावा म्हणून भांडू लागले.

सोमवार: ताईचा हिशेब

सकाळी साडेसहाला विहीर. इथं मात्र माझे नियम लोखंडी होते. काठावर नुसता उभा राहणारा मोठा माणूस चालणार नाही, उडी मारून पोराला वर काढू शकणारा हवा. आमचे आबा सत्तरीचे, मला तर पोहताच येत नाही. म्हणून शेजारच्या रानातले चुलत दीर येतील तेव्हाच विहीर, ते नसतील त्या दिवशी नाही. ताई, दादा आणि जुळे असे चौघेच उतरायचे, एका वेळी दोघं, पाठीला डबा बांधून आणि कमरेला दोर लावून. दोराचं दुसरं टोक भाऊजींच्या हातात. मधली, चिंगी आणि पिल्लू मोटारीच्या पाण्याखाली, माझ्या डोळ्यांसमोर. आणि विहिरीच्या वाटेला मोठ्याशिवाय कुणीही पाऊल टाकायचं नाही, चेंडू गेला तरी नाही. आठवड्यात पोहणं येत नाही हेही आधीच सांगून टाकलं, नाहीतर पाचव्या दिवशी डबा सोडायचा हट्ट सुरू होतो. शेवटी दादाला डबा बांधून विहिरीची एक फेरी मारता आली. तेवढं खूप झालं.

दुपारी बारा ते चार कुणीही उन्हात जायचं नाही. तेव्हा पत्ते. बदाम सात मिश्र वयाला फार बरा. बदामाच्या सत्तीपासून वर आणि खाली पानं लावत जायची, त्यामुळे चिंगीला आकड्यांचा क्रम कळला की पुरे, आणि ताई-दादाला कुठलं पान अडवून ठेवायचं याचा डाव खेळता येतो. पिल्लू आबांच्या मांडीवर बसून त्यांची पानं "वाचायचं", मोठ्यानं. आबा रोज हरायचे.

रात्री गच्चीवर अंथरुणं घालताना ताई माझ्याजवळ आली. हातात कागद. "मामी, तुझ्या नियमानं मी हिशेब केला. काल मी कारभारी होते. शनिवारी पिल्लू कारभारी. मधले पाचही दिवस सगळ्यांत मोठी मी आणि सगळ्यांत लहान तो. म्हणजे सातांतले पाच दिवस पिल्लू माझ्याकडेच. शिवाय गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार जुळे एकमेकांबरोबर येतायत, ते घर डोक्यावर घेतील."

मी कागद घेऊन बघत बसले. पोर अक्षरशः बरोबर होती. "मोठ्यानं लहानाला सांभाळावं" हे आपल्याला इतकं सरळ वाटतं, की त्यात तीच ती मुलगी दरवर्षी अडकते हे दिसतच नाही. मी चांगुलपणानं गेल्या वर्षीचीच चूक नियम करून लिहिली होती.

मी म्हटलं, "मग तूच सांग." तिनं विचार करून ठेवलाच होता. काल जो कारभारी होता, आज पिल्लू त्याच्याकडे. म्हणजे आज तिच्याकडे, उद्या दादाकडे, परवा मोठ्या जुळ्याकडे, मग धाकट्या जुळ्याकडे, मग मधलीकडे. बाकीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून, फक्त जुळे एकत्र आले तर चिठ्ठी परत. आणि रात्री लहान तिघं झोपल्यावर मोठ्यांचा एक तास, त्यात त्यांना कुणी काही काम सांगायचं नाही. मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

त्या तासात आबांनी मोठ्यांना आकाश दाखवायला सुरुवात केली. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात. त्यांच्या चौकोनाच्या टोकाचे दोन तारे जोडून रेघ पुढे नेली की ध्रुव. तो आपल्याकडे फार वर नसतो. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवली तर जेमतेम दोन मुठींच्या आत. दादाला ते खरं वाटेना, त्यानं तीनदा मुठी ठेवून पाहिल्या.

मंगळवार: वास

दादा आदल्या संध्याकाळी गव्हाचं पाणी बदलायला विसरला होता. आम्ही उन्हाळ्याचं म्हणून सकाळ-संध्याकाळ बदलत होतो. सकाळी झाकण काढलं तर वर फेस आणि आंबूस भपकारा. त्याचा चेहरा उतरला. सासूबाईंनी गहू हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, "आंबूस वास येणारच, गहू आंबतोच. पण पाण्यावर बुरशीचा पापुद्रा धरला किंवा गहू काळपट पडला तर मात्र सगळं टाकून द्यायचं. हे अजून वाचलंय." दोन पाण्यांनी धुऊन पुन्हा भिजत घातले. त्यानंतर दादानं स्वतःच चुन्यानं भिंतीवर दोन रेघा ओढल्या, सकाळची आणि संध्याकाळची, आणि पाणी बदललं की रेघेवर फुली.

त्या दिवशी पिल्लू दादाकडे होतं. दुपारी बघते तर माझा तेरा वर्षांचा लेक त्याला वरण-भात भरवतोय आणि पिल्लू तोंड फिरवतंय. अर्ध्या तासानं दादा घामाघूम होऊन म्हणाला, "ताई, तू हे रोज कसं करायचीस?" ताई पत्ते पिसत होती. तिनं मान वर केली नाही, पण हसली.

बुधवार: वाटण

तीन दिवस भिजलेला गहू बोटांत चिरडला की पांढरं दूध बाहेर येतं. तसं आलं की वाटायला तयार. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही म्हणून सकाळीच मिक्सर लावला. मिक्सरपाशी मी आणि ताई. थोडं थोडं पाणी घालून बारीक वाटायचं. मग मोठ्या परातीत ते वाटण भरपूर पाण्यात कोळायचं, चोथा घट्ट पिळून काढायचा. हे काम जुळ्यांना दोन वेगळ्या पराती देऊन सांगितलं, आणि कधी नव्हे ते दोघं तासभर भांडले नाहीत. चोथ्यातून दूध येतंय तोवर दोन-तीनदा पाणी घालून कोळावं. मग मधली आणि चिंगीनं धोतराच्या पातळ फडक्याचे चार कोपरे धरले आणि त्यातून सगळं गाळून घेतलं. पिल्लूनं चोथा बादलीतून म्हशीपुढे नेला.

गाळलेलं पाणी पातेल्यात झाकून ठेवलं. दादा म्हणाला, "हे तर नुसतं पांढरं पाणी आहे, याच्या कुरडया?" सासूबाई म्हणाल्या, "रात्रभर हलवू नका, मग बघा."

गुरुवार: चीक

पहाटे पाचला सगळे आपण होऊन उठले. वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकलं तर तळाशी घट्ट पांढराशुभ्र चीक. तो पातेल्यानं मोजला. जेवढा चीक तेवढंच पाणी, हे प्रमाण. पाण्यात मीठ आणि हिंग घालून खळखळून उकळलं. मग दादानं चिकाची धार धरली आणि मी लाकडी दांड्यानं ढवळत राहिले. धार बारीक हवी आणि हात थांबता कामा नये, नाहीतर गुठळ्या होतात. तरी एका जागी झाल्याच, त्या दांड्यानं कढईच्या कडेला घासून मोडल्या.

मंद आचेवर चीक पांढऱ्याचा काचेसारखा होतो, चमकायला लागतो. झाकण ठेवून वाफ आणायची. ओल्या बोटानं हात लावला आणि चिकटला नाही की शिजला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा भुगा होतो. सासूबाईंनी पहिल्यांदा सगळ्यांना वाटीत गरम चीक दिला, वर साखर आणि तूप. तोवर कुणी सोऱ्याला हात लावला नाही!

चीक गरम असतानाच घालाव्या लागतात, गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. सोऱ्या ताई आणि दादा आळीपाळीनं दाबत होते. अंगणात दोन बाजांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. जुळे गरम चीक आणून देत होते, पण कढईपासून नव्हे, मी परातीत काढून दिलेला. चिंगी आणि पिल्लूकडे मोजणी. त्या दिवशीची कारभारीण मधली, तिनं वहीत आकडा लिहिला: ८४. पिल्लूच्या हट्टासाठी त्याच्या हातानं सोऱ्या धरून एक घातली. ती कुरडई कमी आणि गांडूळ जास्त दिसत होती.

शुक्रवार: वळीव

सकाळी कुरडया उलटवल्या. दुपारी चारला पश्चिमेला आभाळ काळं झालं. वळिवाचा भरवसा नसतो. कारभारीण चिंगी. सात वर्षांची ती पोर ओसरीवर उभी राहून ओरडली, "कुरडया आत!" आणि पत्ते टाकून सगळे पळाले. ताई-दादानं एक बाज तशीच्या तशी उचलून पडवीत आणली. दुसरी आणताना कोपरा वाकला, थेंब सुरू झाले. वीज कडाडली तशी मी सगळ्यांना आत ओढलं. खाली पडलेल्यांसाठी पुन्हा बाहेर कुणी जायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. चिंगीनं डोकी मोजली. सात.

पाऊस थांबल्यावर खाली पडलेल्या वेचल्या. नऊ भिजून चिखलानं माखलेल्या. त्या म्हशीला. बाकीच्या रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवल्या, कारण ओलसर कुरडई एकावर एक ठेवली की चिकटते आणि आंबते. पिल्लूचं गांडूळ वाचलं होतं, हे त्यानं तिघांना झोपेतून उठवून सांगितलं.

शनिवार: पान

पावसानंतर लख्ख ऊन पडलं. दुपारपर्यंत कुरडया वाजायला लागल्या. मोडून पाहिली की कट्‌कन तुटली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे, ती तळली की मधे कडक राहते.

संध्याकाळी सगळे आईबाप आले. तेलापाशी सासूबाई आणि मी. तेल चांगलं तापलेलं लागतं, टाकल्याबरोबर कुरडई दुपटीनं फुलून वर आली पाहिजे. पंधरा तळल्या. उरल्या साठ. पाच घरं, प्रत्येकी बारा. ही वाटणी मधलीनं केली आणि पिशव्या जुळ्यांनी बांधल्या. कारभारी पिल्लूनं मोठ्या माणसांचीही डोकी मोजली आणि एक जण जास्त सांगितला.

जेवणं झाल्यावर सासूबाईंचा गुडघा बघितला. दुखत होताच, सत्तरीला टेकलेला गुडघा आठवड्यात बरा होत नाही. पण यंदा पाला बांधलेला नव्हता. म्हणाल्या, "यंदा दुपारी झोपले मी. पोरं घरात असताना दुपारी झोपले, असं कधी झालं नव्हतं."

एसटीत ताई पुन्हा माझ्या शेजारी. मी मुद्दाम काही विचारलं नाही. उंब्रजच्या पुढे आल्यावर तीच म्हणाली, "मामी, पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेल ना? मे महिना मोकळाच असेल. पण एक सांगते, पिल्लूची पाळी आधी दादापासून सुरू करायची."

मागच्या सीटवरून दादाचा आवाज आला, "चालेल."